अकरा अंश डावीकडे

खिंडीच्या अलीकडं जी निसरडी उतरण आहे, तिथं घोडे कुठल्या दगडापाशी थबकतात, ओढा कुठल्या वळणावर दोनदा ओलांडावा लागतो, वरच्या कुरणातल्या पहिल्या तंबूच्या दाराला कुठला रंग आहे, हे सगळं बुरुलचाला तोंडपाठ होतं. आणि ती तिथं एकदाही गेली नव्हती.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बस उलटून तिचं कंबरेचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही. सपाटीवर ती चालायची, थोडी लंगडत. चढ आला की थांबायची. घोड्यावर मांड टाकणं तर सोडाच. पंचवीस वर्षं तिनं कराकोल या डोंगरपायथ्याच्या गावातल्या एका शाळेत भूमितीय आरेखन शिकवलं. पट्टी, त्रिकोणी, कंपास. मग तो विषयच शाळेतनं काढून टाकला. नवरा त्याआधीच वारला होता, मुलगी दूर परदेशात, एकातेरिनबुर्गला नोकरीला. वर्षभर बुरुलचा घरात बसून राहिली. मग तिचाच एक जुना विद्यार्थी बेक्तेमिर दाराशी आला. त्यानं पर्यटकांना घोड्यावरनं डोंगरात नेण्याचा धंदा काढला होता.

"एजेके," तो म्हणाला. शाळेतल्या बाईंना तिथं सगळे जन्मभर असंच म्हणतात. "तुम्ही माझी रेघ वाकडी आली की लांबनंच ओरडायचात. तसं ओरडायचं काम आहे. पगारी."

काम असं होतं. वाटाड्याच्या छातीवर पट्ट्यांनी एक छोटा कॅमेरा बांधलेला असायचा. तीन दिवसांची सफर संपली की त्यातलं चित्रण, आणि पर्यटकांनी आपापल्या फोनवर घेतलेलं चित्रण, कचेरीच्या मागच्या खोलीत तिच्या संगणकावर यायचं. फोनवरनं एकमेकांना पाठवलेल्या चिंध्या ती घ्यायची नाही. "पाठवताना चित्र आवळलं जातं आणि कॅमेरा कसा हलला त्याची नोंदही गळून पडते," असं सांगून ती पर्यटकांना फोनच आणायला लावायची आणि तार जोडून मूळ फाईल उतरवून घ्यायची. मग ते सगळं सरळ करून, जोडून, पंधरा-वीस मिनिटांची फिल्म करून द्यायची.

सरळ करणं हेच खरं काम. छातीवरच्या कॅमेऱ्याची लेन्स फार रुंद बघते. रुंद बघायचं म्हणून ती कडेच्या सरळ रेषा वाकवते. तंबूचा खांब धनुष्यासारखा होतो. दूरचा तळ्याचा काठ चित्रात वरच्या बाजूला आला तर कमानीसारखा फुगतो, खालच्या बाजूला गेला तर झोळीसारखा लोंबतो, आणि अगदी मधोमध असेल तेव्हाच सरळ दिसतो. घोड्याच्या चालीबरोबर तो काठ फुगायचा, लोंबायचा, जणू तळं श्वास घेतंय. बुरुलचा आधी हे वाकणं काढायची, त्या त्या कॅमेऱ्याचं आणि त्या त्या रुंदीचं माप लावून. चुकीचं माप लावलं तर खांब उलट्या बाजूला आत वाकतात. ते झालं की मगच चित्र फिरवून क्षितिज आडवं करायचं. क्रम उलटा केला तर वाकण्याचं केंद्रच जागचं हलतं आणि मग कशाचाच मेळ बसत नाही. पडद्यावर ती बारीक चौकटींची जाळी टाकायची आणि एकेक तुकडा तिच्याशी जुळवायची. शाळेत मुलांच्या कागदावर त्रिकोणी ठेवून बघायची, तसंच.

पहिल्याच उन्हाळ्यात तिची एक चूक झाली. इसिक-कुल तळ्याच्या काठाकाठानं जाणारी वाट होती. चित्रात काठ तिरका दिसत होता, तो तिनं धरून आडवा केला. चार दिवसांनी छातीवरच्या कॅमेऱ्याची डबी परत आली, तर झाकणावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलीनं तीन शब्द: "तळं सांडतंय, बघा."

तिनं ती फिल्म पुन्हा लावली. खरंच होतं. काठ आपल्यापासून दूर जाणारा होता, तो चित्रात तिरका दिसायलाच हवा. तोच तिनं आडवा केल्यामुळं झाडं, माणसं, सगळं कलंडलं होतं आणि पाणी एका बाजूनं ओघळतंय असं वाटत होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. दूर जाणाऱ्या रेघेचं आरेखन तिनं किती पोरांना शिकवलं होतं! तेव्हापासून ती समोरच्या, पन्नास किलोमीटरवरच्या काठाशिवाय कशालाच क्षितिज म्हणायची नाही. तो दिसत नसेल तेव्हा खांब आणि पॉपलरची झाडं बघायची.

चिठ्ठी लिहिणारा इमानकुल होता. बेक्तेमिरचा सगळ्यात जुना वाटाड्या, साठीचा. एका पर्यटकाच्या फोनवर त्यानं ती फिल्म बघितली होती. बुरुलचानं उलट चिकटपट्टी लावली: "तुमचं बरोबर. दुरुस्त केलं."

असं ते सुरू झालं. प्रत्यक्षात दोघं कधी भेटली नाहीत. तो पहाटे थेट तबेल्याकडनं निघायचा, डबी बेक्तेमिरचा माणूस आणून द्यायचा. पण दर दोन-तीन सफरींमागं चिकटपट्टीवर काहीतरी असायचं. "लेन्स पुसा, माशी मेलीय तिच्यावर." उत्तर: "माशी नाही, कुमिसचा थेंब." म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा. एकदा तिनं लिहिलं, "दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी तुम्ही काय गात होता?" त्यावर आलं, "शिव्या देत होतो, घोड्याला." ती मागच्या खोलीत एकटीच हसली, आणि हसल्याचा आवाज ऐकून स्वतःच गप्प झाली.

छातीवर कॅमेरा बांधलेला माणूस स्वतः चित्रात कधी दिसत नाही. दिसतात त्याचे लगाम धरलेले हात, घोड्याचे कान, आणि ऐकू येतो आवाज. सहा उन्हाळे ती रोज सात-आठ तास त्या हातांच्या मागनं चालत होती. त्याच्या उजव्या अंगठ्यावरची जुनी जखम तिला माहीत होती. थंडी वाजली की तो नाक कसं ओढतो ते माहीत होतं. घरी गेल्यावर ती सूप गरम करायची, रेडिओ लावायची. मुलगी रविवारी फोन करायची आणि आठवड्यातनं एखादा फिरल्याचा तुकडा पाठवायची, नेहमी वाकडा. एकदा बुरुलचानं तो सरळ करून परत पाठवला.

"आई, तू बघायचास गं नुसता," मुलगी म्हणाली. "दुरुस्त करायला नव्हता पाठवला."

त्यानंतर ती ते तुकडे नुसते बघायला लागली.

तिच्याकडं चौकटींची एक वही होती. प्रत्येक सफरीपुढं ती त्या वाटाड्याचा कल लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी काम कुठनं सुरू करायचं ते कळायचं. कुठलाही माणूस छातीवर कॅमेरा अगदी सरळ बांधत नाही. तरणा वाटाड्या कुबात, त्याचा कल उजवीकडं एक अंश. इमानकुलचा डावीकडं तीन, कधी चार. घोड्याचे हिसके, धक्के ते संगणक काढून टाकायचा, कॅमेऱ्यातलं बारीक यंत्र त्याची नोंद ठेवायचं. पण माणूस सदा एकाच बाजूला कललेला असला, तर त्या यंत्राला तोच सरळपणा वाटतो. तेवढं हातानंच करावं लागे.

सहाव्या उन्हाळ्यात जूनमध्ये तिनं वहीत लिहिलं: इमानकुल, डावीकडं पाच. जुलैच्या सुरुवातीला, सात.

तिनं चिकटपट्टी लावली: "पट्टा सैल झालाय का पाहा."

उत्तर आलं: "पट्टा ठीक. घोडा ठीक. मीही ठीक." अक्षर नेहमीपेक्षा बारीक होतं. ओळीच्या शेवटी शेवटी इतकं बारीक की 'ठीक' वाचायला तिला चष्मा वर करून पट्टी डोळ्यांजवळ न्यावी लागली.

ऑगस्टमध्ये बेक्तेमिर फोन हातात धरून मागच्या खोलीत आला.

"एजेके, हे ऐका."

अल्माटीहून आलेली झानार नावाची एक बाई बोलत होती. आईला घेऊन आली होती, सत्तर वर्षांची आई, जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसलेली. "फिल्म छानच आहे हो," ती म्हणत होती, "पण माझी आई कुठाय? ती सबंध वेळ वाटाड्याच्या बाजूबाजूनं चालली होती. फिल्ममध्ये तिचा गुडघा दिसतो आणि घोड्याचं शेपूट दिसतं. एवढ्यासाठी नेलं का मी तिला?"

"काय झालं असं?" बेक्तेमिरनं विचारलं. "इतकं का कापताय?"

"कापत नाही रे मी. चित्र फिरवलं की कोपरे रिकामे पडतात. ते झाकायला चित्र मोठं करावं लागतं, मोठं केलं की कडा बाहेर जातात. चार अंश फिरवलं तर आठवा हिस्सा मोठं. पण इथं अकरा अंश फिरवावं लागलं. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा मोठं. म्हातारी कडेला होती, ती गेली."

"अकरा? इमानकुल बाइके काय आडवा झोपून घोडा चालवतो?" बाइके म्हणजे थोरला भाऊ; वयानं मोठ्या पुरुषांना तिथं असंच म्हणतात.

"तेच मला कळत नाहीये."

"नवा पट्टा देतो. आणि तोवर या बाईचं काहीतरी करा."

तिनं केलं. कल पूर्ण काढला नाही, निम्माच काढला. लेन्सचं वाकणंही कडेला थोडं राहू दिलं, कारण ते पूर्ण काढतानाही कडा जातात. क्षितिज तिरकं राहिलं, पण म्हातारी आत आली. पांढरा रुमाल बांधलेली, खोगिराची पुढची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, आणि तोंडभर हसणारी. शाळेतल्या बुरुलचानं अशा रेघेला नापास केलं असतं. झानारचं उत्तर आलं: "आईनं चार वेळा बघितली. वाकडीबिकडी काही दिसली नाही आम्हाला."

नवा पट्टा गेला. पुढची सफर आली. तरी दहा. त्याच आठवड्यात कुबातनं तोच पट्टा, तोच कॅमेरा बांधून दुसऱ्या वाटेवर एक दिवसाची फेरी केली. तिनं जाळी टाकून बघितलं: उजवीकडं एक. नेहमीइतकंच.

म्हणजे पट्टा नव्हे.

त्या दिवशी तिनं दुपारचं जेवण घेतलं नाही. पर्यटकांच्या फोनवरचे तुकडे तिनं एकेक करून उघडले, त्यात कुठंतरी इमानकुल स्वतः दिसत असेल म्हणून. बरेच दिसले, पण ते असेच कुठंतरी कडेला. फोनची रुंद लेन्स कडेच्या माणसाला ताणते, आडवा-तिडवा करते, त्यावरनं काही ठरवता येत नाही. तिला मधोमध हवा होता, आणि मागं तळं हवं होतं. तिसऱ्या दिवशी एक सापडला. खिंडीखालच्या टेकाडावर इमानकुल घोडा उभा करून लोकांना हातानं काहीतरी दाखवतोय, पाठमोरा. मागं इसिक-कुल आणि पलीकडचा काठ. तिनं आधी लेन्सचं वाकणं काढलं. मग पलीकडच्या काठाशी जाळी जुळवली. मग बघितलं.

खोगीर सरळ होतं. घोडा सरळ उभा होता. त्यावरचा माणूस कंबरेपासून डावीकडं कललेला होता, आणि डोकं त्याहून कललेलं. डावा हात मांडीवर होता, आणि त्या हाताची बोटं हलत होती, काहीतरी मोजत असल्यासारखी.

तिनं दोन वर्षांपूर्वीचा, त्याच टेकाडावरचा एक तुकडा शोधला. तोही तसाच सरळ केला. तिथं तो खांबासारखा ताठ होता.

तिनं बेक्तेमिरला बोलावलं.

"लेन्स असेल," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणता ना, ती सगळ्यांना वाकडं करते."

"लेन्स काढलीय मी यातनं. क्षितिजही लावलंय. आता जे वाकडं उरलंय ते त्याचं आहे."

बेक्तेमिरनं दोन्ही चित्रं आळीपाळीनं बघितली. "हंगाम संपायला तीन आठवडे राहिलेत," तो हळूच म्हणाला, आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही. त्या उतरणीवर पडला तर... तुम्ही बोलता का त्याच्याशी, एजेके? माझं नाही ऐकायचा. मी त्याच्यापुढं पोरगा आहे."

"मी त्याला कधी भेटलेही नाहीये."

"चिठ्ठ्या तर तुम्हालाच लिहितो."

रविवारी सकाळी ती सामायिक गाडीत बसून त्याच्या गावी गेली. गोल नान आणि जर्दाळूचा मुरंबा घेतला होता. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण चांगला कोट घातलाय, आणि उगाच कसंतरी झालं.

घर माणसांनी भरलेलं होतं. दोन सुना, पाच-सहा नातवंडं, अंगणात वाळत घातलेली लोकर. इमानकुलची बायको कालीपा दारात आली, हात पुसत.

"कोण आपण?"

"मी कचेरीतनं आलेय. फिल्मचं काम बघते."

"या, या. अहो, कचेरीतनं कोणी बाई आल्यात!" कालीपानं तिला आत नेऊन मानाच्या जागी बसवलं, बोर्सोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे फुगीर तुकडे, आणि लोणी पुढं केलं. कोण, कुठली, मुलं किती, सगळं विचारलं. चिकटपट्ट्यांबद्दल तिला काही माहीत नव्हतं. माहीत असण्यासारखं त्यात होतं तरी काय?

इमानकुल आला. हात ओळखीचे होते, अंगठ्यावरची जखमही. चेहरा मात्र अनोळखीच, कारण फोनवरच्या तुकड्यांत तो लांबून, कडेला नाहीतर पाठमोरा असायचा; तिनं मनात जो धरला होता त्यापेक्षा रुंद, आणि फार न हलणारा.

"चिठ्ठ्या लिहिणाऱ्या तुम्ही?" तो म्हणाला. "मला वाटलं कोणीतरी चष्मेवाला पोरगा असेल."

"चष्मा आहे, बाइके. पोरगा नाही."

तो हसला, पण हसू उशिरा आलं आणि तोंडाच्या एकाच बाजूला. चहा झाला. तिनं फोन काढून दोन्ही चित्रं त्याच्यापुढं शेजारी शेजारी धरली.

"हा कोण?" त्यानं उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवलं.

"तुम्ही. गेल्या महिन्यात."

"खोगीर सरकलंय."

"खोगीर सरळ आहे. मागं तळं बघा. सांडतंय का?"

तो बघत राहिला. तळं सांडत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात तिला चूक दाखवणारा तोच होता. आपल्याला तिरकं बसवलंय की आपणच तिरके बसलोय, हे त्याला समजायला वेळ लागणार नव्हता.

"मला तर सरळ वाटतं," तो शेवटी म्हणाला. "आत्ताही."

आत्ताही तो गालिच्यावर डावीकडं कलून बसला होता. मग कालीपा पाठमोरीच, चहाची भांडी लावता लावता म्हणाली, "डाव्या बुटाची कड झिजलीय. मी दोनदा नाल ठोकून घेतली. शर्टाची गुंडी लावायला हल्ली मलाच बोलावतात. म्हटलं, वय झालं."

"गप्प बस!" इमानकुल म्हणाला. आणि बुरुलचाकडं वळला. "तुम्ही जूनपासून बघताय हे?"

"जूनपासून आकडे वाढतायत."

"आणि दरवेळी सरळ करून देत होतात."

"हो."

"मग आताही करा. तीन आठवडे. कोणाला कळतंय?"

"चित्र करता येतं, बाइके," ती म्हणाली. "तेवढंच येतं मला."

तो उठला आणि बाहेर तबेल्याकडं गेला. चालताना डावा हात हलत नव्हता. कालीपा तिला गाडीपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "बेचाळीस वर्षं मी रोज बघते त्यांना. तुम्ही लांब बसून कसं बघितलंत?" आवाजात राग होता की आभार, बुरुलचाला कळलं नाही. मग कालीपाच म्हणाली, "डोंगरावर ते सुखी असतात. घरात बसवलं तर काय होणार त्यांचं, तेही बघा म्हणावं त्या मशीनला." आणि तिच्या पिशवीत घरचं लोणी कोंबून, मागं न बघता परत गेली.

इमानकुलनं अजून एक सफर केली, बेक्तेमिरचं न ऐकता, हट्टानं. परतीच्या ओढ्यात घोडा पाय टाकायला वळला आणि इमानकुल खोगिरावरनं डावीकडं सरकत सरकत गुडघाभर पाण्यात बसला. घोडा जागच्या जागी उभा राहिला, म्हणून बरं. लागलं काही नाही. ते चित्रण बुरुलचाच्या पडद्यावर आलं तेव्हा तिनं क्षितिजाची जाळी बंद केली. आधी घोड्याचे कान, मग आकाश, मग पाणी, आणि मग फार वेळ नुसता त्याचा श्वास. कोणीतरी ओरडत पाण्यातनं धावत येत होतं. तो तुकडा तिनं फिल्ममध्ये घेतला नाही, पण पुसलाही नाही. प्रत काढून, टेकाडावरच्या दोन्ही तुकड्यांसह, बेक्तेमिरला दिली. "त्याच्या मुलाला दे. डॉक्टरला दाखव म्हणावं."

मुलगा त्याला राजधानीत, बिश्केकला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं त्याला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर ओळ लिहायला लावली, पाठवलेली चित्रणं बघितली. मेंदूचा आजार होता, पार्किन्सन म्हणतात तो. सावकाश वाढणारा, बरा न होणारा. औषधानं हात-पाय थोडे मोकळे होतील, कलणं किती सुधारेल ते सांगता येत नाही. अंग एका बाजूला कलतं तरी माणसाला आपण सरळच वाटतो, असंही डॉक्टर म्हणाले. घोडा बंद.

हे सगळं तिला बेक्तेमिरकडनं कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. विचारायला ती कोण होती? ना नात्याची, ना शेजारची. कोणाच्या घरी आजारपण असलं की माणसं जातात, मटण नेतात, तासभर बसतात. तिनं दोनदा कोट घातला आणि दोनदा काढून ठेवला. कालीपा दारात आली तर काय सांगायचं, हे तिला सुचलं नाही.

ऑक्टोबरमध्ये बेक्तेमिरनं नवे कॅमेरे आणले. ते क्षितिज आपलं आपण सांभाळायचे. माणूस कितीही कलला, कॅमेरा उलटा धरला, तरी चित्र आडव्याचं आडवंच. "तुमचा त्रास वाचला, एजेके," तो म्हणाला. त्रास वाचला तसे दिवसही वाचले. आठवड्यातले कामाचे दिवस सहाचे तीन झाले. जोडायचं काम तेवढं राहिलं. तिनं नव्या कॅमेऱ्यातला कुबातचा तुकडा लावून बघितला. काठ तसूभर हलत नव्हता. कुबात त्या वेळी ताठ होता की वाकला होता, थकला होता की मजेत होता, काहीच कळत नव्हतं. हाच कॅमेरा दोन वर्षांपूर्वी आला असता तर, असा विचार तिच्या मनात आला. तो तिनं कोणाला बोलून दाखवला नाही. दाखवायला खोलीत कोणी नव्हतंच.

हिवाळ्यात गाव लवकर गप्प होतं. तिनं जुन्या तबकड्या आवरायला काढल्या. सहा उन्हाळ्यांची इमानकुलची चित्रणं, न कापलेली, न सरळ केलेली. ती तिनं सफरीवार लावली, प्रत्येकीवर तारीख आणि वाट लिहिली. कोणी सांगितलं नव्हतं. त्या कामाचा पगारही नव्हता. त्या सगळ्यांची एक मोठी प्रत करून तिनं बेक्तेमिरच्या हाती इमानकुलच्या घरी पाठवली. डबीच्या झाकणावर चिकटपट्टी लावावी म्हणून पेन्सील हातात घेतली, आणि नुसतं "सगळं आहे" एवढंच लिहिलं.

जानेवारीतल्या एका दुपारी ती कचेरीच्या मागच्या खोलीत असताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मास्तरीणबाई?" आवाज बारीक झाला होता, सपाट, पण तोच. "इमानकुल बोलतोय."

"बाइके! कसे आहात?"

"गोळ्या खातो. टीव्हीवर तुमचं ते बघतो. नातवंडं कंटाळली, म्हणतात, आजोबा, नुसते घोड्याचे कान आहेत." तो थांबला. श्वास घेऊन पुन्हा बोलला. "एक विचारायचं होतं. एक शिंगरू ओढ्यात उतरायला घाबरत होतं, आईच्या मागं. कुठल्या साली ते? शोधून दमलो."

"तिसरा उन्हाळा. जुलैची दुसरी सफर, पहिलाच दिवस, जेवणानंतर. तपकिरी शिंगरू, कपाळावर पांढरा ठिपका. तुम्ही त्याला 'ये रे राजा' म्हणालात, आणि मग ते आलं."

"तुम्हाला कसं आठवतं?"

"तुमच्या मागनं चालतेय ना इतकी वर्षं."

"हं," तो म्हणाला. मग विचारलं, "वर कधी आलाच नाहीत तुम्ही?"

"कंबर नाही चालत, बाइके. घोड्यावर बसता येत नाही."

"आता मलाही नाही येत," तो म्हणाला. हसला की खोकला, ते नीट कळलं नाही. मागं कालीपाचा आवाज आला, औषधाची वेळ झाल्याचा. "या कधीतरी. आत्ता नको, रस्त्यावर बर्फ आहे. गाडी घसरते."

"येईन."

"तिसरा उन्हाळा म्हणालात ना?"

"तिसरा. जुलै, दुसरी सफर."

फोन बंद झाला. बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं. बुरुलचानं किटली शेगडीवर ठेवली, आणि पाणी उकळेपर्यंत संगणकावर तोच तुकडा लावला. चित्र डावीकडं वर, उजवीकडं खाली असं थोडं तिरकं होतं. तीन अंश असेल. ती खुर्चीत मागं टेकून बसली आणि शिंगरू पाण्यात उतरायची वाट बघू लागली.